व्हिसाच्या यादीचा ई-मेल एक नको, दोन करा

*राजारामपुरीत माझी छोटी टूर एजन्सी आहे. मे महिन्यात युरोपला जाणाऱ्या ग्राहकांना मी व्हिसा आणि प्रवास विम्याच्या कागदपत्रांची यादी ई-मेलने पाठवते. नोकरदार, दुकानदार, शेतकरी, पेन्शनर, सगळ्यांचे कागद एकाच यादीत असतात. तरीही लोक फोन करून विचारतात, "म्हणजे आम्ही नेमकं काय आणायचं?" त्यातही शेतकरी ग्राहकांची फाइल हमखास अडते. आता शिरोळ तालुक्यातलं एक जोडपं जायचं म्हणतंय. काकांचा ऊस आहे, काकू निवृत्त शिक्षिका. काकांना शुगर आहे. त्यांना ई-मेल कसा लिहू?*
*– एक वाचक, कोल्हापूर*

तुमच्या यादीत एखादा कागद कमी असेल असं मला वाटत नाही. अडचण अशी आहे की प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं असतं आणि तुम्ही सगळे एकदमच मागताय. काकांचा पासपोर्ट आज तपासला तर तो फेब्रुवारीतही तसाच चालेल. पण आज काढलेलं बँकेचं स्टेटमेंट फेब्रुवारीत शिळं झालेलं असेल. ग्राहक मात्र उत्साहाने आधी बँकेत जाऊन शिक्का मारून आणतो, कारण ते सोपं असतं. पासपोर्टवरचं आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव वेगळं आहे, हे शेवटच्या आठवड्यात कळतं. म्हणून दोन ई-मेल करा. पहिल्यात मिळायला वेळ लागणारे आणि शिळे न होणारे कागद, दुसऱ्यात व्हिसा केंद्रावर जायची तारीख ठरल्यावरच काढायचे कागद. आणि दोन्हींत फक्त त्या माणसाला लागू असलेल्या ओळी ठेवा. काकांच्या ई-मेलमध्ये 'कंपनीचं रजा मंजुरी पत्र' ही ओळ दिसली की त्यांचा फोन आलाच म्हणून समजा.

यादीआधी मार्ग ठरवा. समजा, हे दोघे ९ मेच्या रात्री मुंबईहून निघून १० मेला सकाळी पॅरिसला उतरणार. तीन रात्री पॅरिस, चार रात्री स्वित्झर्लंड, तीन रात्री इटली, २० मेला रोमहून परतीचं विमान आणि २१ तारखेला मुंबई. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्यांचा नियम असा की ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिराल त्या देशाकडे. म्हणजे उतरणार पॅरिसला असले तरी अर्ज स्वित्झर्लंडचा, आणि यादीही स्वित्झर्लंडचीच. मध्येच कुणी म्हणालं की व्हेनिसला एक रात्र वाढवू आणि इंटरलाकेनची कमी करू, तर चार रात्री इटलीच्या होतात आणि अख्खी फाइल चुकीच्या दारात जाते. तेव्हा ग्राहकाकडून मुक्कामांना लेखी होकार घ्या, मगच यादी पाठवा. आणि ती यादी त्या देशाच्या व्हिसा केंद्राच्या संकेतस्थळावरून त्या दिवशी उतरवून घ्या. मागच्या वर्षीची फाइल 'सेव्ह ॲज' करू नका.

आता तारखा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण जादा चौकशी निघाली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. ९ मेपासून पंचेचाळीस दिवस मागे मोजले की २५ मार्च येतो. त्याच्या बऱ्याच आधी फाइल गेलेली बरी, कारण मेच्या सुट्टीत जाणारे सगळेच मार्चमध्ये जागे होतात आणि केंद्रावर तारीख मिळत नाही. या जोडप्यासाठी मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरेन. मग पहिला ई-मेल डिसेंबरमध्ये जायला हवा आणि दुसरा केंद्राची तारीख हातात आली की त्याच दिवशी.

पहिल्या ई-मेलमध्ये एक गोष्ट अगदी वर लिहा: दोघांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल, जिथे त्या देशाच्या केंद्राची तारीख मिळेल तिथे. एजंटकडे पैसे भरले म्हणजे आपण घरी बसून व्हिसा येतो, अशी कित्येकांची समजूत असते. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. म्हणून जुन्या व्हिसाची प्रतही मागून घ्या.

पासपोर्टबद्दल 'व्हॅलिड पासपोर्ट' एवढंच लिहू नका, तारीखच लिहा. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा. २० मेला बाहेर पडणार, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत. 'तीन महिने' वाचून माणूस आजपासून मोजतो, तारीख वाचली की पासपोर्ट उघडून बघतो. दोन कोरी पानं हवीत. स्कॅन पहिल्या पानाचं आणि पत्ता असलेल्या शेवटच्या पानाचंही हवं, आणि पहिल्या पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या ज्या दोन ओळी असतात त्या कापल्या जाता कामा नयेत. नूतनीकरण लागलंच तर डिसेंबरमध्ये कोल्हापुरातल्या पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रातून ते निवांत होतं. फेब्रुवारीत कळलं तर तोच कागद सगळी फाइल थांबवतो.

नावाचा प्रश्न आपल्याकडे बायकांच्या फाइलमध्ये नेहमी येतो. काकूंचा पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, पेन्शनची ऑर्डर मात्र नोकरीला लागतानाच्या माहेरच्या नावाने, आणि बँकेत मधलं नाव नुसत्या आद्याक्षराने. आपल्याला ती एकच बाई आहे हे माहीत असतं, अधिकाऱ्याला तीन बायका दिसतात. 'नावात फरक असल्यास कळवा' असं लिहून उपयोग नाही, कारण फरक आहे असं काकूंना वाटतच नाही. त्याऐवजी विचारा: पासपोर्टवर, पॅनवर, बँकेत आणि पेन्शनच्या कागदावर तुमचं नाव जसं छापलंय तसं एकाखाली एक लिहून पाठवा. चार ओळी समोर आल्या की काय जोडायचं ते तुम्हाला दिसेल. बहुतेक वेळा विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. नाव रीतसर बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत. विवाहाची नोंदच केलेली नाही असं उत्तर आलं तर ती करून घ्यायला तुमच्याकडे दोन महिने आहेत.

आता काकांचे पैसे. शेतकऱ्यांच्या फाइली तुमच्याकडे अडतात त्या इथेच. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे एक तर काकांनी विवरणपत्र भरलेलंच नसतं, किंवा भरलेलं असतं त्यात करपात्र उत्पन्न जेमतेम दिसतं. दूतावासातल्या माणसाला एवढंच दिसतं की या गृहस्थांचं उत्पन्न नगण्य आहे, खात्यात मात्र जानेवारीत अचानक दोन लाख आलेत. अर्जाच्या तोंडावर खात्यात आलेली मोठी रक्कम ही त्यांच्या दृष्टीने सगळ्यात संशयाची गोष्ट, कारण उसने पैसे आणून शिल्लक दाखवायचा प्रकार जगभर चालतो. हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, बिलं त्यानंतर निघतात, आणि तुमची फाइल बरोबर त्याच वेळी जाते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक हिशोब मांडून बघू. समजा, काकांचा १२० टन ऊस गेला आणि पहिली उचल टनाला ३,४०० रुपयांनी मिळाली, म्हणजे ४,०८,००० रुपये. त्यातून विकास सेवा सोसायटीचं पीककर्ज १,५०,००० रुपये परस्पर वळतं झालं. जिल्हा बँकेतल्या खात्यावर आले २,५८,०००. त्यातले दोन लाख काकांनी राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात टाकले, कारण प्रवासाचे पैसे तिथून द्यायचेत. तुमच्या यादीत 'बँक स्टेटमेंट' एवढंच लिहिलेलं, म्हणून काकांनी राष्ट्रीयीकृत बँकेचं आणून दिलं. त्यात फक्त दोन लाखांची एक नोंद. कारखान्याची पावती जोडली तर ती सांगते ४,०८,०००. दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि खुलासा नसेल तर तो बसवून घ्यायला अधिकाऱ्याला वेळ नाही.

म्हणून काकांच्या यादीत हे चार कागद एका साखळीत मागा: कारखान्याचं ऊसबिल, सोसायटीच्या वसुलीची नोंद, जिल्हा बँकेच्या खात्याचं स्टेटमेंट, आणि पैसे जिथे गेले त्या खात्याचं स्टेटमेंट. अर्जासोबतच्या इंग्रजी पत्रात हाच हिशोब तीन वाक्यांत लिहा: एवढ्या टनाचं एवढं बिल, त्यातून एवढं कर्ज कापलं, उरलेल्यातून एवढे या तारखेला या खात्यात. शिवाय मागच्या दोन हंगामांची बिलंही जोडा. एकाच हंगामाचं बिल ही एक घटना वाटते. तीन वर्षं त्याच सुमारास तसेच पैसे आलेले दिसले की ते उत्पन्न ठरतं. स्टेटमेंट तीन महिन्यांचं मागितलेलं असलं तरी मी या फाइलला सहा महिन्यांचं लावेन. तीन महिन्यांत फक्त बिल आलेलं दिसतं. सहा महिन्यांत घर कसं चालतं तेही दिसतं, आणि घरी म्हशी असतील तर दूध संस्थेची दहा-दहा दिवसांची बिलंही दिसतात. ती रक्कम छोटी असते, पण नियमित असते, आणि नियमितपणाला या टेबलावर फार किंमत आहे.

सातबारा आणि आठ-अ मागताना 'डिजिटल सहीचा, आत्ताचा' असं लिहा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते विचारा. आपल्याकडे जमीन कित्येकदा अजून वडिलांच्या किंवा सामाईक नावावर असते आणि वारस नोंद व्हायची असते. तसं असेल तर फेरफाराची प्रत जोडा, किंवा ऊसबिल ज्याच्या नावाने निघतं तो कागद पुढे ठेवा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच राहू द्या, एकर-गुंठ्यात करायला जाऊ नका. तिकडच्या माणसाला हेक्टर कळतो. विवरणपत्र भरलेलंच नसेल तर पत्रात तसं सरळ लिहा आणि शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त असतं हे एका वाक्यात सांगा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र कुणी आपणहून आणला तर तो फाइलमध्ये घालण्याआधी वाचा. तो बहुधा नातवाच्या सवलतीसाठी काढलेला असतो आणि त्यावरचा वार्षिक आकडा आणि ऊसबिलाचा आकडा एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. त्यातला खरा कोणता हे काकांनी ठरवायचं. तुम्ही दोन वेगळे आकडे एका फाइलमध्ये घालून सही घेऊ नका. यादीत नसलेला कागद जोडल्याने फाइल जड होते, भक्कम होत नाही.

काकूंची बाजू सोपी आहे आणि खरं तर तीच या फाइलचा कणा आहे. पेन्शन मंजुरीचा आदेश आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट, एवढ्याने दर महिन्याचं ठराविक उत्पन्न सिद्ध होतं. खर्च दोघांचा मिळून असेल तर पत्रात तसं लिहा. मुलगा पैसे भरणार असेल तर वेगळं काम: त्याचं जबाबदारीचं पत्र, त्याचे पगाराचे कागद आणि स्टेटमेंट, आणि नातं दाखवणारा कागद. दोन्ही थोडं थोडं करू नका. पैसे कुणाचे, याचं एकच उत्तर फाइलमध्ये असावं.

पहिला ई-मेल काकांसाठी साधारण असा होईल.

> विषय: युरोप प्रवास, मे: पहिले कागद (३१ डिसेंबरपर्यंत)
>
> नमस्कार काका,
>
> तुमचा व्हिसा स्वित्झर्लंडच्या केंद्रातून करायचा आहे. फेब्रुवारीत तुम्हाला आणि काकूंना ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला यावं लागेल. तारीख मिळाली की कळवते. आत्ता फक्त खालचे कागद हवेत. बँकेत आत्ता जाऊ नका, ते कागद नंतर लागतील.
>
> १. पासपोर्ट: 'एक्सपायरी' २० ऑगस्टच्या पुढची आहे ना ते बघा. पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून पाठवा. जुने पासपोर्ट असतील तर तेही काढून ठेवा.
>
> २. नाव: पासपोर्ट, पॅन आणि बँक पासबुक यांवर तुमचं नाव जसं छापलंय तसं लिहून पाठवा. काकूंचंही, त्यात पेन्शनच्या कागदावरचं नावही.
>
> ३. विवाह नोंदणीचा दाखला. नसेल तर आजच फोन करा.
>
> ४. सातबारा आणि आठ-अ, डिजिटल सहीचे. त्यावर तुमचं नाव नसेल तर कुणाचं आहे ते कळवा.
>
> ५. मागच्या दोन हंगामांची ऊसबिलं. यंदाचं बिल निघालं की तेही, सोसायटीची कपात दिसेल असं.
>
> ६. आयकर विवरणपत्र भरत असाल तर शेवटच्या तीन वर्षांच्या पोचपावत्या. भरत नसाल तर 'भरत नाही' एवढं लिहा.
>
> ७. काकूंचा पेन्शन मंजुरीचा आदेश.
>
> एखादा कागद मिळत नसेल तर त्याच्या आकड्यापुढे 'नाही' लिहून पाठवा. थांबून राहू नका.

यातली शेवटची ओळ काढू नका. लोक एका न मिळणाऱ्या कागदासाठी सहा मिळालेले कागद घरात ठेवून बसतात.

दुसऱ्या ई-मेलमध्ये बँक, फोटो, बुकिंग आणि विमा. स्टेटमेंट केंद्राच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात काढायचं, बँकेच्या शिक्क्या-सहीसह, काकांच्या दोन्ही खात्यांचं आणि काकूंच्या पेन्शनच्या खात्याचं. पासबुकाची झेरॉक्स चालणार नाही हे स्पष्ट लिहा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. ही ओळ ग्राहक फोटो स्टुडिओत मोबाइलवर दाखवतो, म्हणून ती वेगळी आणि ठळक ठेवा. विमानाचं फक्त आरक्षण जोडा. व्हिसाआधी परत न मिळणारं तिकीट काढायला लावू नका, आणि खोटं आरक्षण बनवून देणाऱ्यांच्या तर जवळही जाऊ नका. ते उघड झालं तर नकार काकांच्या नावावर लागतो.

विम्याकडे आता जरा थांबून बघू, कारण यादीत तो बहुधा 'ट्रॅव्हल इन्शुरन्स' अशी शेवटची अर्धी ओळ असतो. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणं, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं हे सगळं यायला हवं, ते सर्व शेंगेन देशांत चालायला हवं आणि मुक्कामाचा एकही दिवस सुटता कामा नये. आपल्या कंपन्यांच्या पॉलिसी बहुधा डॉलरमध्ये असतात, तेव्हा रक्कम युरोत बदलून ३०,००० च्या वर जाते ना ते बघा. प्रमाणपत्र हातात आलं की चार गोष्टींवर बोट ठेवा: पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, देशांच्या रकान्यात शेंगेन आहे का, आणि तारखा. तारखा ९ मे ते २१ मे हव्यात. ग्राहक स्वतः ऑनलाइन काढतो तेव्हा १० ते १९ मे असं काहीतरी टाकतो, कारण 'दहा रात्रींची टूर' एवढंच त्याच्या डोक्यात असतं. मी तर पुढे दोन-तीन दिवस जास्तच घेईन. विमान रद्द होऊन एक दिवस तिकडे अडकलात तर त्या दिवसाचा विमा तिथे बसून काढता येईलच असं नाही.

आणि काकांची शुगर. प्रस्ताव अर्जात आधीपासूनच्या आजारांचा प्रश्न असतो. तिथे 'नाही' टाकलं की हप्ता कमी येतो आणि अर्ज झटपट पुढे सरकतो, म्हणून एजंट लोक न विचारताच 'नाही' टाकतात. पुढे काय होतं ते बघा. इंटरलाकेनला काकांची साखर एकदम उतरली आणि दोन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथला डॉक्टर पहिल्याच पानावर लिहितो: मधुमेह, इतक्या वर्षांपासून, अमुक गोळी. तेच पान दाव्यासोबत कंपनीकडे जातं. अर्जात 'नाही' आणि डॉक्टरच्या कागदावर 'आहे', एवढ्यावर दावा फेटाळता येतो. व्हिसा मिळवून देणारं तेच प्रमाणपत्र बिल भरायच्या वेळी निरुपयोगी ठरतं, आणि स्वित्झर्लंडमधलं रुग्णालयाचं बिल ही काही थट्टा नाही.

खरं सांगितलं म्हणजे सगळा खर्च मिळतो असंही नाही. बऱ्याच पॉलिसी आधीपासूनच्या आजारासाठी जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतेच पैसे देतात आणि त्यालाही मर्यादा असते. काही पॉलिसींत ज्येष्ठांसाठी एकेका उपचाराची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे वरची मोठी रक्कम पाहून समाधान मानू नका. ती एक ओळ पॉलिसीच्या अटींमधून शोधून ई-मेलमध्ये मराठीत लिहून द्या, मग काकांना ठरवू दे. आजाराचा प्रश्न फोनवर विचारू नका. ई-मेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. तुमच्याकडे विमा विकायचा परवाना नसेल तर अर्ज ग्राहकाने स्वतः किंवा परवाना असलेल्या विमा प्रतिनिधीकडून भरायचा. तुम्ही फक्त काय तपासायचं ते सांगा.

दुसऱ्या ई-मेलमधला विम्याचा भाग असा लिहिता येईल.

> विमा
>
> पॉलिसी ९ मे ते २३ मे अशी घ्यायची. देश: सर्व शेंगेन देश. वैद्यकीय रक्कम ३०,००० युरोपेक्षा कमी नको.
>
> त्यासाठी लागेल: पासपोर्टचं पहिलं पान, पॅन, आधार, वारसदाराचं नाव आणि नातं.
>
> पुढच्या प्रश्नांची उत्तरं काका आणि काकूंनी वेगवेगळी लिहून पाठवावीत: शुगर, बीपी, हृदय, दमा किंवा दुसरा कुठला आजार आहे का? कधीपासून? रोज कोणत्या गोळ्या? गेल्या काही वर्षांत दवाखान्यात दाखल व्हावं लागलं का, ऑपरेशन झालं का?
>
> आजार लपवला तर तिकडचा दावा नाकारला जाऊ शकतो. सांगितल्याने हप्ता थोडा वाढेल.
>
> व्हिसा नाकारला गेला तर पॉलिसी रद्द होऊन किती पैसे परत मिळतील ते घेण्याआधी कंपनीला विचारा. व्हिसाची फी मात्र परत मिळत नाही.

त्या फीचा आकडाही ई-मेलमध्ये घाला. जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. रुपयांत किती ते त्या दिवशीच्या दराने लिहा, नाहीतर मागच्या ग्राहकाला कमी पडले होते यावर पुढचा अर्धा तास जातो.

कागद पाठवायचे कसे, हेही दोन ओळींत सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला पासपोर्ट लहान होऊन येतो आणि तळाच्या दोन ओळी पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा पीडीएफ करून मागा. फाइलचं नाव तुमच्या यादीच्या आकड्याने सुरू होऊ दे:

```
01_Passport_Kaka.pdf
05_UsBill_Kaka.pdf
07_Pension_Kaku.pdf
```

काकांना हे जमणार नाही असं वाटत असेल तर त्यांच्या सुनेला किंवा नातवाला प्रत पाठवा, कारण बहुतेक घरांत ई-मेल तेच उघडतात. विम्याच्या केवायसीसाठी आधार आला तर तो विम्यापुरताच ठेवा, व्हिसाच्या फाइलमध्ये त्याची प्रत विनाकारण घालू नका. ऑफिसच्या सामाईक मेलबॉक्समध्ये लोकांचे पासपोर्ट आणि स्टेटमेंटं वर्षानुवर्षं पडून असतात. प्रवास संपला की ते काढून टाका आणि काढून टाकणार आहात हे ई-मेलमध्येच लिहा.

पासपोर्ट परत आला की ग्राहक कुरियरचं पाकीट फोडून व्हिसाचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. त्याआधी त्याला त्यावरच्या तीन गोष्टी बघायला सांगा: नावाचं स्पेलिंग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे ते, आणि आत किती दिवस राहता येईल ते. तारखांचा पल्ला मोठा असला तरी दिवस मोजकेच दिलेले असू शकतात. आपल्या प्रवासात १० ते २० मे हे अकरा दिवस होतात, कारण आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा दिवसही मोजतात. तिथे दहा लिहिलेलं आलं तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. आणि विमान कंपनीने मधल्या काळात वेळ बदलून परतीचं विमान पुढे ढकललं असेल तर विम्याची तारीख निघण्याआधीच वाढवून घ्या. मुंबईहून विमान सुटल्यावर ते काम बरंच अवघड होतं.